चार बोटांचे पंचवीस टक्के

टक्का हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या जन्मापासून तो आपल्या मागं लागलाय. शाळेत ३५ टक्क्याला पास, नोकरीत राखीव टक्के, आणि चहाच्या टपरीवर बसलेला कुणीही पांढरपेशा उठून विचारतो, "तुमचे किती टक्के?" जणू आम्ही माणूस नाही, बेरीज-वजाबाकीच आहोत. पण ह्या देशात आणखी एक टक्का आहे आणि आपल्या चळवळीतल्या शिकल्यासवरल्या पोरांनी त्याच्याकडं अजून डोळे उघडून बघितलेलं नाही. तो टक्का माणसाच्या हाडामासाचा आहे. कापलेल्या बोटाचा, वाळलेल्या पायाचा, गेलेल्या डोळ्याचा. तो एका कागदावर छापला जातो, त्याच्यावर डॉक्टरांच्या सह्या होतात आणि त्या आकड्यावर एक अख्खं घर चुलीवर भात शिजतो की नाही ते ठरतं.

ह्या कागदाचं नाव दिव्यांग प्रमाणपत्र. आधी अपंग म्हणायचे. मग दिल्लीला वाटलं की शब्द बदलला की माणसाचं दुःख पवित्र होईल. दिव्य अंग! कडबाकुट्टीत चार बोटं गेलेल्या बाईला विचारा तिचं अंग किती दिव्य झालं ते. हरिजन म्हणून आमची बोळवण करणाऱ्यांचीच ही जात. नाव गोड द्यायचं आणि हातावर काहीच ठेवायचं नाही. पण नावावर आज भांडत बसत नाही. आज आकड्यावर भांडायचंय, आणि आकड्यावर भांडायचं तर आधी तो आकडा वाचता आला पाहिजे.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके बघा. पूर्वेला नारायणगाव-मंचरचा बागायती पट्टा. ऊस, टोमॅटो, कांदा, गोठ्यागोठ्यात संकरित गायी. पश्चिमेला आहुपे, तळेघर, भीमाशंकरचा डोंगर, डिंभे आणि माणिकडोहच्या पाण्यानं उठवलेली आदिवासी माणसं आणि पावसात गुडघाभर चिखलातली भाताची आवणी. पूर्वेला यंत्र माणूस खातं आणि पश्चिमेला दवाखाना लांब पडल्यानं माणूस मरतो. गोठा बागायतदाराचा, गायी बागायतदाराच्या, दूध डेअरीला जातं त्याच्या नावानं. कडबाकुट्टीच्या तोंडात वैरणीची पेंढी ढकलणारा हात मात्र महारवाड्यातला, मांगवाड्यातला, नाहीतर डोंगरातून उतरलेल्या ठाकराचा. मोटर चालू असते, पात्याला झाकण नसतं. पेंढी अडकली की हात आत जातो.

तसा एक हात माझ्या नात्यातल्या आत्याचा आहे. वय पन्नाशीचं. डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला, पण त्याच पायावर तिनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधावर मजुरी केली. मग कडबाकुट्टीत उजव्या हाताची चार बोटं मुळापासून गेली. अंगठा वाचला. घरात दोन कागद होते. एक जुना, पायाचा. त्याच्यावर ३० टक्के. एक नवा, हाताचा. त्याच्यावर २५ टक्के. अर्ज लिहून देणारा एक एजंट तिच्या पोराला म्हणाला, "दोन्ही नापास. चाळीस लागतात. काही जमतंय का बघतो, पण खर्च येईल." पोरगा दोन हजार रुपये जमवायच्या नादात होता तेव्हा मी गावी होतो. आम्ही सगळे ओट्यावर बसलो आणि ते दोन कागद पहिल्यापासून वाचले. तिथं जे बोलणं झालं तेच इथं मांडतोय, कारण असे दोन-दोन कागद पत्र्याच्या पेटीत घालून बसलेली घरं तुमच्याही नात्यात असणार.

पोराचा पहिला सवाल सरळ होता. "दादा, तीस टक्के म्हंजे आई तीस टक्के अपंग आणि सत्तर टक्के धडधाकट, असंच ना?"

नाही. तो कागद नीट वाच म्हटलं. इंग्रजीत लिहिलंय, म्हणून कुणी वाचत नाही. त्यात लिहिलंय की अमक्या बाईला तीस टक्के 'परमनंट लोकोमोटर डिसॅबिलिटी' आहे, आणि पुढं लिहिलंय की ती 'डाव्या पायाच्या संदर्भात' आहे. लोकोमोटर म्हणजे हालचालीची. परमनंट म्हणजे कायमची. आणि 'च्या संदर्भात' हे सगळ्यात मोलाचे शब्द. हा आकडा आख्ख्या बाईचा नाही. तो डाव्या पायाचा आहे. डॉक्टरनं एक पाय मोजला आणि त्याचा निकाल लिहिला. हाताच्या कागदावर तसंच 'उजव्या हाताच्या संदर्भात'. म्हणजे दोन कागद ही एका विषयात दोनदा नापास झाल्याची मार्कलिस्ट नाही. दोन वेगळ्या विषयांचे हे मार्क आहेत, आणि त्यांची बेरीज अजून कुणी केलेलीच नाही.

मग पाय मोजला कसा? हे सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ती जानेवारी २०१८ मध्ये निघाली आणि मार्च २०२४ मध्ये सुधारून निघाली. पायाचे दोन भाग करतात. एक हालचाल, म्हणजे सांधा किती वळतो आणि स्नायूत किती जोर आहे. स्नायूच्या जोराला शून्यापासून पाचपर्यंत श्रेणी देतात. शून्य म्हणजे मेलेला, पाच म्हणजे पूर्ण जोर. दुसरा भाग तोल. तोलासाठी नऊ गोष्टी करून बघायच्या असतात. सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघ्यावर बसणं, आणि वळणं. प्रत्येकाला दहा. नऊ दाहे नव्वद. ह्या नव्वदाचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढं पुन्हा येणार आहे.

आता आत्या मधेच बोलली, "मला तर कुणी जिना चढायला लावलाच नाय. खुर्चीत बसवलं, पाय वर कर म्हणले, आन् कागद दिला." इथंच कळतं मोजणी झाली की नुसता कागद भरला ते. पोलिओच्या पायाची तपासणी खुर्चीत बसून पुरी होत नाही. चालवलं नाही, बसवलं-उठवलं नाही, सांध्याचा कोन मोजला नाही, तर तो आकडा अंदाजपंचे आहे, आणि फेरतपासणी मागायला ते कारण पुरेसं आहे.

आणि ती नऊ कामं पुन्हा वाचा दोस्तांनो. उकिडवं बसणं आहे, मांडी आहे, जिना आहे. डोक्यावर गवताचा भारा घेऊन निसरड्या बांधावरून चालणं त्यात नाही. चिखलात दिवसभर वाकून आवणी करणं त्यात नाही. पहाटे चार वाजता टोमॅटोचं क्रेट उचलून पिकअपमध्ये टाकणं त्यात नाही. ज्याला दिवसाला एकदा जिना चढायचाय त्याच्या पायाचं हे माप. ज्याचा पाय हीच त्याची जमीन आणि तोच सातबारा, त्याचं माप ह्यात नाही.

हाताचं माप तर ह्याहून थंड रक्ताचं. तुटलेल्या अवयवाला सरळ तक्ता आहे. अंगठा मुळाच्या सांध्यातून गेला तर २५. तर्जनी मुळातून गेली तर १५. मधलं बोट ५. अनामिका ३. करंगळी २. करा बेरीज. आत्याचा अंगठा शाबूत आहे, म्हणून पंधरा आणि पाच वीस, आणि तीन तेवीस, आणि दोन पंचवीस. आलं ना? चार बोटं, पंचवीस टक्के. डॉक्टरनं लबाडी केलेली नाही. तक्त्यातच तसं आहे. सांधे आखडले, जखम चिघळत राहिली तर थोडे जादा गुण देता येतात, पण तेवढ्यावर एका हाताच्या चार बोटांना चाळीस गाठता येत नाहीत. म्हणून हे घर फसवलं गेलं ते डॉक्टरकडून नाही. तक्त्यानं ते आधीच फसवलं होतं. असंच एका डोळ्याचं. एक डोळा पार गेला आणि दुसरा चांगला असला तर २०१८ च्या तक्त्यात ३० टक्के. एका डोळ्यानं रात्री उसाला पाणी धरणारा माणूस कागदावर नापास.

चाळीस ही रेघ कुठून आली? १९९५ च्या कायद्यानं ओढली आणि २०१६ च्या कायद्यानं जशीच्या तशी ठेवली. फरक एवढाच की १९९५ च्या कायद्यात चाळीसच्या खालचा माणूस कायद्यापुरता अपंगच नव्हता. २०१६ च्या कायद्यानं दोन शब्द केले. दिव्यांग व्यक्ती, जिच्या व्याख्येत टक्का नाही. आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती, जिला चाळीस किंवा जास्त लागतात. नोकरीतलं राखीव, पेन्शन, एसटीची सवलत, हे सगळं दुसऱ्या शब्दाच्या पेटीत कुलूपबंद. पण भेदभाव करू नका, सोयी द्या, हे हक्क पहिल्या शब्दाला मिळतात. २०२१ मध्ये विकास कुमार ह्या उमेदवाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परीक्षेत लेखनिक मिळायला चाळीसची अट लावता येणार नाही. म्हणून कुठल्याही कारकुनानं "चाळीसच्या खाली म्हणजे तुम्ही अपंगच नाही" असं म्हटलं तर त्याला सांगा, साहेब, तुम्ही १९९५ मध्ये अडकलात.

आता आत्याच्या दोन कागदांची बेरीज. पोरगा हिशोबात पटाईत. म्हणाला, "तीस आणि पंचवीस, पंचावन्न. झालं की!"

इथं घरं दुसऱ्यांदा फसतात. बेरीज सरळ होत नाही. त्यासाठी सूत्र दिलेलं आहे:

a + b(90 − a)/90

a म्हणजे मोठा आकडा, b म्हणजे लहान. सूत्राला भिऊ नका, मी मॅट्रिकपुढं गेलेलो नाही आणि मला ते कळलंय. नव्वदची एक भाकरी समजा. मोठ्या आकड्यानं, म्हणजे पायाच्या तीसनं, त्यातला तीसचा तुकडा तोडला. उरली साठ. नव्वदातली साठ म्हणजे दोन तृतीयांश. आता हाताच्या पंचवीसला पूर्ण पंचवीस मिळत नाहीत, उरलेल्या भाकरीच्या हिशोबानं पंचवीसचे दोन तृतीयांश मिळतात. म्हणजे १६.६७. तीस अधिक १६.६७, झाले ४६.६७. कागदावर सत्तेचाळीस टक्के.

पंचावन्न नाहीत. पण चाळीसच्या वर आहेत! दोन नापास कागदांतून एक पास कागद निघाला आणि एजंटला दोन हजार द्यायची गरज नव्हती. गरज होती ती फक्त दोन्ही अवयव एकाच वेळी, एकाच बोर्डापुढं तपासले जाण्याची.

सूत्र असं का? सरळ बेरीज केली तर तीन-चार ठिकाणी मार खाल्लेल्या माणसाची बेरीज शंभरावर जाईल, आणि शंभरावर टक्के नसतात. म्हणून प्रत्येक नवं नुकसान उरलेल्यातून मोजायचं. हिशोब म्हणून बरोबर आहे. पण हिशोबाच्या बाहेर बघा. पाय अधू असताना आत्याचा हातच तिचा पाय होता. काठी धरायची ती उजव्या हातानं. हात गेला तेव्हा पायही दुसऱ्यांदा गेला. खऱ्या आयुष्यात तीस आणि पंचवीस मिळून पंचावन्नहून जास्त होतात. सूत्रात कमी होतात. सूत्र लिहिणाऱ्याला काठी लागत नसावी.

कागदावरचे आणखी दोन शब्द पोराला दाखवले. एक, 'टेंपररी' की 'परमनंट'. टेंपररी असेल तर खाली तारीख असते, अमक्या तारखेपर्यंत वैध. ती तारीख उलटली की कागद मेला आणि पेन्शन बंद. मग घरचे म्हणतात तहसीलनं पैसे खाल्ले. पैसे कुणी खाल्लेले नसतात, तारीख कुणी वाचलेली नसते. दुसरा शब्द, स्थिती 'प्रोग्रेसिव्ह' की 'नॉन प्रोग्रेसिव्ह'. प्रोग्रेसिव्ह वाचून घरं खूश होतात, प्रगती आहे म्हणून. तिथं प्रगती आजाराची असते! वाढत जाणारा आजार. तसं लिहिलं असेल तर पुन्हा तपासणी करून वाढीव टक्के मागता येतात. आणि त्याच ओळींत कुठं 'सुधारण्याची शक्यता आहे' असं लिहिलं असेल तर ते तुटलेल्या बोटांबद्दल लिहिलंय का ते बघा. बोटं परत उगवत नाहीत. तसं लिहिलेलं असेल तर दुरुस्ती मागा.

आता पैशाचा सवाल. सूनबाईनं हळूच विचारला. "सत्तेचाळीस टक्के म्हणजे पेन्शनचे सत्तेचाळीस टक्केच मिळणार का?" हा सवाल घरोघर असतो आणि त्याला हसू नका, कारण कागदावर टक्का बघितला की गरिबाला पहिल्यांदा आठवतं ते सावकाराचं व्याज. उत्तर, नाही. टक्का ही रक्कम नाही, तो उंबरठा आहे. चाळीसचा उंबरठा ओलांडला की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं दार उघडतं, मग चाळीस असो की एकोणऐंशी, पैसे तेवढेच. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगाला महिना २५०० रुपये, त्याआधी १५०० होते. पण दारात दुसरा पहारेकरी आहे, उत्पन्नाचा दाखला. टक्के असून उत्पन्नावर नाव कापलं गेलं तर भांडण डॉक्टरशी करू नका, ते तलाठी-तहसीलशी करायचं.

दुसरा उंबरठा ऐंशीचा. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन फक्त ऐंशी आणि वरच्यांना, तेही दारिद्र्यरेषेखालच्यांना. तिच्यात दिल्लीचा वाटा महिना ३०० रुपये. २०१२ पासून तीनशेच. तेव्हापासून गोडं तेल कुठं गेलं ते तुमच्या आयांना विचारा. कार्डाचा रंगही उंबरठ्यावरच ठरतो. २०२४ च्या दुरुस्तीपासून चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि वर निळं. रेशनकार्डाच्या रंगांची सवय असलेली आपली माणसं पांढरं कार्ड बघून समजतात की श्रीमंतांत टाकलं!

आणि एसटीत ७५ टक्के सवलत, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दिव्यांगांवर खर्च करायचे ५ टक्के, सरकारी नोकरीतले राखीव ४ टक्के. घरात हे सगळे टक्के एकाच डब्यात पडतात आणि म्हातारा म्हणतो, "एसटीला पंचाहत्तर लागतात म्हणं." नाही काका. एसटीला चाळीसच लागतात. पंचाहत्तर टक्के भाडं माफ होतं. पाच टक्के ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, तुमचं अपंगत्व नाही. ग्रामसभेत उठून विचारायचा सवाल आहे तो, की यंदाचे पाच टक्के कुठं गेले? गटारीवर की सरपंचाच्या भावकीवर?

रस्ता असा. अर्ज swavlambancard.gov.in वर करायचा, आधार लागतं, आणि तपासणीसाठी दवाखाना निवडायचा. ज्याची आधी नोंद आहे त्यानं दुसरी नोंद करायची नाही, तीच नोंद पुढं न्यायची. अर्जात दोन्ही अवयव लिहायचे. तपासणीला जाताना जुना कागद, ऑपरेशनचे कागद, एक्स-रे न्यायचे आणि बोर्डापुढं तोंडानं सांगायचं, "पाय आणि हात दोन्ही एकत्र मोजा." न सांगता होत नाही. डॉक्टरसमोर ज्या अवयवाची ताजी जखम असते तोच अवयव मोजला जातो. नाकारलं तर कारण लेखी मागायचं, ते देणं नियमानं बंधनकारक आहे. आकडा पटला नाही तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. आत्याचं तसंच केलं. दोन फेऱ्या झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. कागद आला, सत्तेचाळीस टक्के, उजवा हात आणि डावा पाय.

झालं, जिंकलो? नाही.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. आमच्यात कुणाचा हात हुकात, साखळीत सापडला की जुनी माणसं अजून १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं नाव काढतात. इंग्रजांचा कायदा, आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत नेऊन घातलाय. त्या १९२३ च्या कायद्यालाही एक तक्ता होता. त्यात एका हाताची चार बोटं गेली तर किती? पन्नास टक्के. पन्नास! तीच चार बोटं, तोच हात. दिव्यांगाच्या तक्त्यात पंचवीस, कामगाराच्या तक्त्यात पन्नास.

हे कसं? कारण दोन तक्ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. पंचवीस हे हाडामासाचं माप आहे. पन्नास हे कमाईच्या ताकदीचं माप आहे. ह्या फरकावर २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या अपघाताच्या खटल्यात स्वच्छ लिहिलंय. डावा हात तुटला तर शरीराचं नुकसान साठ टक्क्यांच्या आसपास धरता येईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली, आणि तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. म्हणजे कोर्टाला कळतं की टेबलावरचा हात आणि कामावरचा हात एक नाही. अपघाताच्या दाव्यात हे कळतं. पेन्शनच्या उंबरठ्यावर मात्र सगळे हात सारखे होतात. समता कुठं आणायची ते ह्यांना बरोबर कळतं! पाणवठ्यावर नाही, देवळात नाही, जमिनीत नाही. तक्त्यात.

आणि आत्याच्या बागायतदारानं काय केलं? दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, एक साडी दिली, आणि वर म्हणाला, हिचंच लक्ष नव्हतं. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या शेतीयंत्रावर राबणारा मजूरही त्या १९२३ च्या कायद्यात कामगार होता, हे त्या वस्तीवर कुणाला ठाऊक नव्हतं. दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा असतो. दोन वर्षं उलटून गेली होती. पंचवीसच्या कागदावर सगळं घर डोकं फोडत राहिलं आणि पन्नासचा कागद मुदत संपून मेला. असा मरतो आपला हक्क. कुणी मारत नाही, माहिती नसते म्हणून मरतो, आणि माहिती असणारे गप्प असतात.

म्हणून आपली मागणी स्वच्छ असली पाहिजे. प्रमाणपत्रावर हाडामासाच्या टक्क्याशेजारी दुसरा रकाना पाहिजे, माणूस काय काम करत होता आणि त्या कामाची त्याची ताकद किती गेली त्याचा. चाळीस हा कडा तोडून उतार केला पाहिजे. पंचवीसला शून्य आणि चाळीसला पूर्ण, हा कुठला न्याय? ३९ टक्क्यांच्या मजुराला काहीच नाही आणि ४० च्या माणसाला सगळं, मधल्या एका टक्क्यात असं कोणतं हाड असतं? तोलाच्या नऊ चाचण्यांचे मार्क असलेला कागद अर्जदाराला मराठीत मिळाला पाहिजे, म्हणजे चालवलं की नुसतं खुर्चीत बसवलं ते कळेल. आणि कडबाकुट्टीच्या तोंडावर झाकण नसेल तर मालकाला आधी विचारलं पाहिजे, बाईला नाही.

हे होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. शहरातल्या पोरांनो, ह्या दिवाळीला गावी जाल तेव्हा फटाके बाजूला ठेवा आणि पत्र्याच्या पेट्या उघडायला लावा. ज्या घरात दोन कागद असतील तिथं सूत्र मांडा. 'च्या संदर्भात' नंतर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवा. तारीख वाचा. यंत्रावरचा अपघात दोन वर्षांच्या आतला असेल तर त्याच दिवशी दाव्याचा अर्ज लिहा. एजंट ह्या कामाचे दोन हजार घेतो. तुम्ही चहा घ्या.

आत्याला पहिल्या महिन्याचे पैसे आले तेव्हा ती बँकेत अंगठा लावायला गेली. सही करायची बोटं नव्हती, आणि अंगठा तेवढा वाचलाय. साठ रुपयांची साखर आणली. मला म्हणाली, "सत्तेचाळीस टक्के तर मिळाले रं. बाकीचे त्रेपन्न कुणाकडं हायेत?"

ज्यांच्याकडं आहेत त्यांच्या गोठ्यात कडबाकुट्टी अजून चालू आहे, आणि झाकण अजून बसलेलं नाही.

जयभीम.